उसाचा दुसरा हप्ता: खर्च की नफा?

सहकारी साखर कारखान्याला ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याला सगळे पैसे एकदम मिळत नाहीत. आधी पहिली उचल येते. मग हंगाम संपून साखर विकली गेली आणि हिशेब लागला, की दुसरा हप्ता आणि शेवटी अंतिम दर. या नंतरच्या पैशांवरून आयकर खाते आणि महाराष्ट्रातले कारखाने अनेक वर्षे भांडत होते. हा पैसा म्हणजे उसाची किंमत, की कारखान्याने सभासदांत वाटलेला नफा?

आकड्यांत पाहू. समजा, एका कारखान्याने पाच लाख टन ऊस गाळला. सरकारने ठरवलेला किमान दर टनाला ३,००० रुपये होता आणि कारखान्याने ३,२०० दिले. वरचे २०० रुपये पाच लाख टनांवर धरले, तर दहा कोटी होतात. ही उसाची किंमत मानली, तर तो कच्च्या मालाचा खर्च. तो वजा होऊनच नफा निघतो. पण तो नफा मानला, तर दहा कोटी कारखान्याच्या उत्पन्नात मिळवले जातात आणि तीस टक्क्यांच्या दराने सुमारे तीन कोटी कर लागतो, अधिभार वेगळा. गंमत अशी नाही की हे पैसे तिजोरीत असतात. ते तर शेतकऱ्यांनी कधीच नेलेले असतात. थकीत कराचा बोजा पुढच्या हंगामांवर पडतो.

शेजारच्या खासगी कारखान्याने हाच ३,२०० रुपये दर दिला, तर असा प्रश्न सहसा निघत नाही. तिथे ऊस घालणारा मालक नसतो, त्यामुळे त्याला दिलेला पैसा सरळ खरेदीचा खर्च ठरतो. कंपनीचा नफा त्यानंतर मोजला जातो, त्यावर कर भरला जातो आणि उरलेल्यातून भागधारकांना लाभांश मिळतो. त्या भागधारकाने उसाचे एक कांडेही घातलेले नसते. त्याला पैसा मिळतो तो गुंतवलेल्या भांडवलावर.

सहकारात विकणारा आणि मालक एकच. संशय नेमका तिथून निघाला. पण वाटप कशाच्या प्रमाणात होते, ते पाहायला हवे. दुसरा हप्ता शेअर मोजून मिळत नाही, तो काट्यावर भरलेल्या टनांवर मिळतो. शंभर टन घालणाऱ्याला वीस हजार आणि त्या वर्षी ऊस न घातलेल्या सभासदाला शून्य. शेअरवरचा लाभांश वेगळा असतो. महाराष्ट्राच्या सहकार कायद्याने त्याला पंधरा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि तो नफ्यातूनच दिला जातो, हे कारखानेही मान्य करतात.

आयकर खात्याच्या म्हणण्यातही तथ्य होते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशात १९७४ साली ५-अ हे कलम आले. त्यानुसार हंगामानंतर कारखान्याचे हिशेब पाहून जादा दर ठरे. नफ्याचा हिशेब केल्याशिवाय जो दर ठरतच नाही, त्यात नफ्याचा अंश असणारच, असा हा युक्तिवाद. मार्च २०१९ मध्ये तासगाव तालुका सहकारी साखर कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग काढला: जादा दरात जेवढा नफ्याचा अंश असेल तेवढ्यावर कर, बाकीचा खर्च. तो अंश मोजण्याचे काम मात्र पुन्हा आयकर अधिकाऱ्यांकडे गेले, आणि वर्षानुवर्षांचे जुने ताळेबंद उकरून प्रत्येक टनातला नफा वेगळा काढणे फार अवघड होते.

वाद शेवटी कायद्याने मिटवला. २०१५च्या वित्त कायद्याने आयकर कायद्याच्या ३६व्या कलमात भर घातली: सहकारी साखर कारखान्याने सरकारने ठरवलेल्या किंवा मंजूर केलेल्या दरापर्यंत दिलेली उसाची किंमत हा खर्चच. ही तरतूद आकारणी वर्ष २०१६-१७ पासून लागू झाली. ऑक्टोबर २०२१ च्या परिपत्रकाने राज्य सरकारने कायद्याने ठरवलेला दरही त्यात धरला. त्याआधीच्या वर्षांचे दावे मात्र लटकलेलेच होते. २०२३च्या अर्थसंकल्पात त्या वर्षांनाही हीच सवलत मिळाली. कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल, असे तेव्हा सरकारने सांगितले.

हा निर्णय योग्यच होता. शेतकऱ्याच्या मालाचा दर, तो कारखान्याचा मालक आहे म्हणून नफा ठरवणे अन्यायाचे होते.

पण सवलतीला हद्द आहे. मंजुरीपेक्षा वर दिलेल्या रकमेला या तरतुदीचे संरक्षण नाही. निवडणुकीच्या तोंडावर वा शेजारच्या कारखान्याशी चुरस म्हणून मंजुरीशिवाय दर वाढवला, तर जुना वाद पुन्हा उभा राहू शकतो. म्हणून वार्षिक सभेत अंतिम दर जाहीर झाला, की सभासदांनी आकड्याबरोबरच आणखी एक गोष्ट विचारावी: या दराला सरकारची लेखी मंजुरी आहे का, आणि ती कोणत्या तारखेची?