दावा चौदाव्या पानावर सापडला

पीएचडीच्या प्रबंधातलं एक प्रकरण कापून-छाटून एका विद्यार्थिनीनं आपला पहिला शोधनिबंध तयार केला आणि माझ्याकडे वाचायला दिला. विषय होता चरीच्या शेतकऱ्यांचा संप. अलिबागजवळच्या या भागातल्या कुळांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला आणि १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं तो निभावला. तिची भाषा चांगली होती, तळटीपा चोख होत्या. ऱ्हस्व-दीर्घाच्या थोड्या चुका होत्या, त्या मी मुद्दाम सोडून दिल्या. जे परिच्छेद उद्या उडणार, त्यांतल्या वेलांट्या आज कशाला सुधारायच्या?

त्याऐवजी प्रत्येक परिच्छेदासमोर समासात मी एक वाक्य लिहीत गेले: यातून काय सिद्ध होतं? तेरा पानं मला विषयांची नावंच लिहावी लागली. खोती म्हणजे काय, नारायण नागू पाटलांचं नेतृत्व, आंबेडकरांचं १९३७ सालचं खोतीविरोधी विधेयक. सगळी माहिती खरी, पण परिच्छेद खालीवर केले तरी काहीच बिघडत नव्हतं. क्रम बदलून बिघडत नसेल, तर तिथे युक्तिवाद अजून उभाच राहिलेला नाही. चौदाव्या पानावर एका परिच्छेदाच्या शेवटी मात्र हे वाक्य होतं: कोकणातली कुळं तगली ती मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या पैशावर. याच्याशी कुणी वाद घालू शकतो, म्हणून हा दावा. तो पहिल्या पानावर हवा होता.

आता पुरावा. संपकऱ्यांच्या नातवंडांच्या मुलाखतींत मनीऑर्डरींचा उल्लेख वारंवार येत होता. पण त्यावरून पैसे येत होते एवढंच कळतं; त्यांच्यामुळे संप टिकला, हे कळत नाही. त्याच मुलाखतींत मासे धरणं आणि लाकूडफाटा विकणंही होतं, आणि तिनं ते एका ओळीत उरकलं होतं. नियतकालिकाचा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवणार. म्हणून मी तिला एकच प्रश्न लिहून पाठवला: "ज्या घरातलं कुणीच मुंबईला नव्हतं, ती घरं आधी मोडली का?"

ती पुन्हा आपल्या टिपणांकडे गेली. तीही घरं तगली होती, मासळी आणि लाकडावर. आठवडाभर ती खचली, कारण दावाच कोसळला असं तिला वाटलं. खरं तर तो नेमका झाला होता. जाळं-होडी नसलेल्या घरांच्याच आठवणींत मनीऑर्डर ठळक होती. नव्या मसुद्यात 'कोकणातली कुळं' जाऊन 'मुलाखत घेतलेली घरं' आली, नातवंडांच्या आठवणीच्या मर्यादेवर एक परिच्छेद आला आणि खोतीच्या इतिहासाची चार पानं एका परिच्छेदात बसली. शुद्धलेखन आम्ही त्यानंतर एका दुपारी पाहिलं.