स्वस्त कोटेशनचा हिशेब

गेल्या महिन्यात सांगलीला ताईकडे गेलो, तेव्हा जेवणं झाल्यावर दाजींनी मोबाइल पुढे केला. गाडीच्या विम्याची मुदत दहा दिवसांनी संपत होती आणि त्यांच्याकडे दोन कोटेशन आली होती. एक ९,२२३ रुपयांचं, दुसरं ७,३४१ रुपयांचं. “सरळ १,८८२ रुपये वाचतात. दुसरं घेऊन टाकू ना?” दाजी म्हणाले. ताईला मात्र खात्री वाटत नव्हती. “एवढं स्वस्त कसं काय देतात, ते आधी बघ,” ती मला म्हणाली.

गाडी साधी, १,२०० सीसीची पेट्रोल हॅचबॅक. घेऊन चार वर्षं झाली आणि या चार वर्षांत एकही क्लेम नाही. आम्ही वही घेतली आणि दोन्ही कोटेशन ओळीओळीने फोडली.

विम्याच्या हप्त्याचे मुख्य भाग दोन. पहिला थर्ड पार्टीचा. आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईसाठी हा विमा असतो आणि तो कायद्याने सक्तीचा आहे. त्याचा दर सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांनुसार १,००० ते १,५०० सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे. कंपनी कोणतीही असो, हा आकडा तोच. त्यामुळे तुलना करायची ती दुसऱ्या भागाची, म्हणजे ओन डॅमेजची. आपल्याच गाडीचं नुकसान किंवा चोरी झाली तर त्याची भरपाई या भागातून मिळते.

पहिल्या कोटेशनमध्ये ओन डॅमेजचा मूळ हप्ता ८,००० होता. त्यातून ४५ टक्के नो क्लेम बोनस गेला, राहिले ४,४००. त्यात थर्ड पार्टीचे ३,४१६ मिळवले आणि १८ टक्के जीएसटी लावला की ९,२२३. दुसऱ्यात मूळ हप्ता ६,६०० होता आणि बोनसच्या आधीच आणखी १,५०० रुपयांची सूट दिलेली होती. ही सूट कशाची, हे पाहताना खरी गोष्ट हाती लागली.

पहिल्या कोटेशनमध्ये गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली किंमत, ४,२०,००० होती. याच मॉडेलची आजची किंमत ८,४०,००० आहे. चार वर्षं उलटलेल्या गाडीला पाचव्या वर्षात ५० टक्के घसारा धरतात, म्हणजे ४,२०,००० ही रास्तच. दुसऱ्यात मात्र आयडीव्ही ३,५०,००० वर आणून ठेवली होती. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्त होण्यापलीकडे गेली, तर हातात ७०,००० रुपये कमी. शिवाय तिथे ५,००० रुपयांचं व्हॉलंटरी डिडक्टिबल आधीच निवडलेलं होतं. त्या १,५०० च्या सूटीचा उगम तिथे होता.

डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये आपण स्वतः भरायची रक्कम. १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांचं सक्तीचं डिडक्टिबल असतंच. व्हॉलंटरी त्यावर आणखी. म्हणजे ही पॉलिसी घेतली असती तर दर क्लेमला दाजींच्या खिशातून ६,००० रुपये गेले असते.

मग मी दुसऱ्या कोटेशनमध्ये आयडीव्ही ४,२०,००० केली, व्हॉलंटरी डिडक्टिबल काढून टाकलं. हप्ता आला ९,१७१ रुपये. दोन कंपन्यांमधला खरा फरक एवढाच होता, ५२ रुपयांचा.

“पण ते पाच हजारांचं ठेवलं तर स्वस्त पडतंच की,” दाजींनी बरोबर विचारलं. त्याचाही हिशेब केला. सूट दिसते १,५०० ची, पण बोनसची टक्केवारी ती सूट वजा झाल्यावर उरलेल्या हप्त्यावर लागते. त्यामुळे बोनसही कमी होतो आणि प्रत्यक्षात वाचतात जीएसटीसह सुमारे ९७४ रुपये. पाच वर्षांत एकदा जरी मोठा क्लेम करावा लागला, तर तेवढ्या वर्षांत वाचवलेलं सगळं त्या ५,००० मध्ये जातं. ज्यांच्याकडे ती रक्कम अडचणीच्या वेळी सहज निघते आणि ज्यांची गाडी फार फिरत नाही, त्यांना हा सौदा परवडेल. दाजींची गाडी रोज मिरज-सांगली करते, त्यांनी तो टाळला.

आता त्या ४५ टक्क्यांकडे येऊ. एक वर्ष क्लेम नसेल तर पुढच्या नूतनीकरणाला २० टक्के, सलग दोन वर्षांनी २५, मग ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. ही सवलत फक्त ओन डॅमेजवर मिळते आणि एक क्लेम केला की पुन्हा शून्यावर येते.

गेल्या गणपतीत दाजींनी गाडी मागे घेताना ती दगडी खांबाला घासली होती. बंपर फुटला, बिल ९,००० आलं. त्यात बंपर ५,०००, रंगकाम २,५००, मजुरी १,५००. क्लेम केला असता तर प्लास्टिकच्या भागावर निम्मा घसारा, म्हणजे २,५०० कापले गेले असते. रंगकामाच्या बिलाचा चौथा हिस्सा रंगाचा धरून त्यावर निम्मा, म्हणजे ३१२ गेले असते. वर सक्तीचं डिडक्टिबल १,०००. हातात आले असते सुमारे ५,१८७ रुपये.

त्याची किंमत काय पडली असती? यंदाचा ४५ टक्के बोनस, म्हणजे ३,६०० रुपये, पूर्ण गेले असते. पुढच्या वर्षी ५० ऐवजी २० टक्केच मिळाले असते. मूळ हप्ता तेव्हा ७,५०० धरला, तर आणखी २,२५० चं नुकसान. जीएसटी धरून दोन वर्षांतच ६,९०३ रुपये गेले असते आणि त्यानंतरही तीन वर्षं बोनस मागेच राहिला असता. त्या वेळी ताईने स्वतःच बिल भरलं, आणि हिशेब सांगतो की तिने योग्य केलं. मोठ्या अपघातात मात्र बोनसच्या मोहाने क्लेम टाळू नये, विमा त्यासाठीच असतो.

कोटेशन मागताना “मागच्या वर्षी क्लेम घेतला होता का?” असा प्रश्न येतो. क्लेम झाला असेल तर तिथे ‘नाही’ लिहू नका, कोणी कितीही सांगितलं तरी. नवी कंपनी जुन्या कंपनीकडून खात्री करून घेते आणि खोटं निघालं तर नेमक्या अपघाताच्या वेळी ओन डॅमेजचा क्लेम अडकतो. मुदतही चुकवू नका. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस जातो. बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. गाडी विकलीत तर कंपनीकडून तसं पत्र घ्या, तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो.

दाजींनी शेवटी ९,१७१ वालं कोटेशन घेतलं. तुमचं नूतनीकरण आलं की आधी दोन्हीकडची आयडीव्ही आणि डिडक्टिबल सारखी करून घ्या, बोनसची टक्केवारी जुन्या पॉलिसीवरून ताडून पाहा आणि मगच शेवटचा आकडा बघा.