राउटर नसताना फोन पडद्यावर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मिराकास्ट म्हणजे फोनच्या पडद्यावर जे दिसते तेच बिनतारी पद्धतीने मॉनिटरवर किंवा प्रोजेक्टरवर दाखवण्याची सोय. त्यासाठी राउटर हवाच, हा सर्वांत मोठा गैरसमज. वाय-फाय अलायन्सने 2012 मध्ये आणलेली ही पद्धत वाय-फाय डायरेक्टवर उभी आहे. त्यात दोन उपकरणे थेट एकमेकांशी जोडली जातात आणि त्यांतले एक तेवढ्यापुरते राउटरचे काम करते. इंटरनेट लागत नाही. फोनमधले सादरीकरण दाखवताना डेटाही खर्च होत नाही.

यातूनच दुसरा घोटाळा होतो. राउटर नाही म्हणून लोक फोनचे वाय-फाय बंद ठेवतात, नाहीतर हॉटस्पॉट चालू करतात. दोन्ही चूक. वाय-फाय चालूच हवे, कुठल्याही नेटवर्कला जोडलेले नसले तरी चालते. हॉटस्पॉट मात्र बंद ठेवावा, कारण बऱ्याच फोनमध्ये तो चालू असताना वाय-फाय डायरेक्ट चालत नाही.

यूट्यूबमधले कास्टचे चिन्ह म्हणजेच मिराकास्ट, असेही मानले जाते. ते चिन्ह दाबल्यावर फोन चित्र पाठवत नाही. कोणता व्हिडिओ लावायचा एवढेच सांगतो, आणि टीव्ही तो स्वतः इंटरनेटवरून आणतो. राउटर नसलेल्या सभागृहात हा मार्ग बहुधा तिथेच अडतो.

समजा, गावातल्या शाळेत चित्रासाठी फक्त एचडीएमआय असलेला जुना प्रोजेक्टर आहे. त्याला मिराकास्टचा डोंगल लावावा लागतो. डोंगलचे एक टोक एचडीएमआयमध्ये जाते, तर यूएसबीचे टोक विजेसाठी असते. प्रोजेक्टरच्या यूएसबीतून पुरेशी वीज मिळाली नाही तर डोंगल पुन्हा पुन्हा बंद पडून सुरू होतो. पडद्यावर त्याचे सुरुवातीचे चित्र सारखे उगवू लागले, की हेच कारण समजावे आणि यूएसबी मोबाइलच्या चार्जरला लावावी. मग प्रोजेक्टरवर एचडीएमआय निवडावे. पडद्यावर डोंगलचे नाव येते. सॅमसंगच्या फोनवर Smart View उघडून तेच नाव निवडावे; पिन मागितला तर पडद्यावरचा आकडा भरावा. इतर अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय Cast किंवा Wireless display अशा नावांनी सापडते.

सापडते म्हणजे, असेल तर. सगळ्या फोनांत मिराकास्ट असते हाही गैरसमजच. गूगलच्या पिक्सेलमध्ये ते नाही आणि आयफोन एअरप्ले वापरतो. अशा फोनला केबलच बरी, तीही फोनच्या पोर्टमधून चित्र बाहेर जात असेल तरच.

जोडणी झाली, सादरीकरण दिसले, पण चित्रपटाच्या अ‍ॅपमध्ये पडदा काळा पडला, तर डोंगल बिघडला असे नव्हे. काही अ‍ॅप नक्कल रोखण्यासाठी चित्र बाहेर जाऊच देत नाहीत. चित्र क्षणभर मागे राहणे हाही दोष नाही. फोन आधी ते दाबून लहान करतो आणि डोंगल ते पुन्हा उलगडतो, त्यात तेवढा वेळ जातो. स्लाइड दाखवताना हे जाणवत नाही, पण खेळ खेळायला ही जोडणी कामाची नाही.