सडपातळ मुलाची तहान: ऊन की शुगर?

बीड जिल्ह्यातून दरवर्षी हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. फडावरच्या पोराला तहान लागली तर उन्हाने, वाळला तर कष्टाने, असेच घरच्यांना वाटते. त्यात ‘काडीसारख्या पोराला कसली शुगर’ हा समज. मधुमेह इथेच निसटतो.

समजा, अठरा वर्षांचा मुलगा महिन्यात सहा किलो उतरला. जेवण भरपूर, तरी थकलेला, आणि रात्री चार-पाचदा लघवीला उठतो. खरी खूण हीच. उन्हाने तहान लागते तेव्हा लघवी कमी आणि पिवळी होते. इथे ती भरपूर होते. इन्सुलिन नसल्याने रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली, की लघवीत उतरते आणि पाणीही ओढून नेते. साखर वापरता येत नाही म्हणून शरीर चरबी आणि स्नायू जाळते.

बोटातला रक्ताचा एक थेंब तपासायला पुरतो, उपाशीपोटी असण्याचीही गरज नाही. अशा लक्षणांसह साखर २०० किंवा जास्त आली, तर मधुमेहच समजतात. त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

उलट्या, पोटदुखी आणि खोल धाप सुरू झाली असेल तर रक्तात आम्ल साचलेले असू शकते; तासाभराचा उशीरही महागात पडतो. अशा वेळी साखर न तपासता ‘अशक्तपणा’ म्हणून ग्लुकोजची बाटली लावली, तर ती आणखी चढते. टाइप १ निघाला तर इन्सुलिन रोज लागते, गोळ्यांवर भागत नाही.