पीएन १० कुठे पुरतो, जॉइंट कुठे सुटतो

जलजीवन मिशन २०१९ मध्ये सुरू झाल्यापासून गावोगावच्या रस्त्याकडेला काळे, निळ्या रेघांचे एचडीपीई पाइप दिसू लागले. गंजत नाही, हलका असतो, वळणावर थोडा वाकतो, म्हणून ठेकेदारालाही हा पाइप आवडतो. पण लाइन चालू झाल्यावर वर्षभरात ती कुठेतरी फुटली की गावात एकच वाक्य ऐकू येते: "पाइपच हलका वापरला." कधी ते खरे असते. पण पुष्कळदा पाइप शाबूत असतो आणि दोन नळ्या जिथे वितळवून एकमेकींना चिकटवल्या, तिथेच लाइन सुटलेली असते. म्हणून पाइपचा वर्ग आणि जॉइंट या दोन्ही गोष्टी एकत्र समजून घ्यायला हव्यात.

हिशेबासाठी सह्याद्रीच्या पायथ्याचे एक नमुन्याचे गाव धरू. लोकसंख्या १५००. माणशी रोज ५५ लिटर म्हणजे दिवसाला ८२,५०० लिटर पाणी. ओढ्याच्या वरच्या अंगाला विहीर, तिथे पंप, टेकडीवर टाकी. पंपापासून टाकीच्या तोंडापर्यंतची उंची ६२ मीटर, लाइनची लांबी २.४ किलोमीटर. वाटेत, पंपापासून ४०० मीटरवर लाइन एका नाल्यात उतरते आणि तिथे ती पंपापेक्षा ८ मीटर खाली असते.

वीज आठ तास मिळेल असे धरले तर सेकंदाला २.८६ लिटर पाणी चढवावे लागेल. ९० मिलिमीटरचा पाइप घेतला तर घर्षणात दर किलोमीटरला साधारण ५ मीटर उंची खर्च होते, म्हणजे पूर्ण लाइनीत १२ मीटर. पंपावर ६२ अधिक १२ असे ७४ मीटर झाले. फिटरच्या भाषेत दहा मीटर म्हणजे एक किलो, तेव्हा ७.४ किलो प्रेशर. पण सगळ्यात जास्त दाब पंपावर नाही, नाल्यात आहे. तिथपर्यंत घर्षणाचे दोन मीटर कमी झाले आणि खोलीचे आठ मीटर वाढले, म्हणजे ८० मीटर, ८ किलो. पाइपचा वर्ग पंपावरच्या गेजवरून नव्हे, लाइनीच्या सगळ्यात खोल जागेवरून ठरवायचा असतो. अंदाजपत्रकात लाइनीचा उभा छेद काढलेला नसेल तर हा नाला कुणाच्या लक्षातच येत नाही.

मग ८ किलोला पीएन ८ चा पाइप पुरेल का? नाही. पाइपवर छापलेला पीएनचा आकडा वीस अंश सेल्सिअस तापमानाला धरलेला असतो. प्लास्टिक गरम झाले की मऊ पडते. तीस अंशांना त्याची ताकद ०.८७ पटीवर येते, चाळीस अंशांना ०.७४ पटीवर. आपल्याकडे जमिनीत पुरलेल्या पाइपासाठी तीस अंश धरणे शहाणपणाचे. त्या हिशेबाने पीएन ८ खरा सात किलोचाच उरतो आणि पीएन १० हा ८.७ किलोचा. आपल्या आठ किलोला पीएन १० लागतो.

त्यात वीज जाण्याचा धक्का धरायला हवा. पंप अचानक थांबला की लाइनीतले पाणी मागे येते आणि दाबाची लाट उसळते. एचडीपीईची भिंत थोडी ताणली जाते, त्यामुळे ही लाट लोखंडी पाइपापेक्षा खूप मवाळ असते. आपल्या लाइनीत पाण्याचा वेग सेकंदाला ०.५८ मीटर, म्हणून धक्का साधारण १५ मीटरचा. थांबलेल्या पाण्याचा नाल्यातला दाब ६२ अधिक ८, म्हणजे ७० मीटर. त्यात १५ मिळवून ८५. ८७ मीटरच्या आत बसतो. बिडाच्या पाइपात तोच धक्का कित्येक पट मोठा झाला असता.

आता कुणी म्हणेल, कशाला एवढा कीस, सरळ पीएन १६ घ्या. त्याची किंमत दुकानात एकदा मोजून भागत नाही. पाइपचा बाहेरचा व्यास ९० मिलिमीटर ठरलेला असतो, भिंत जाड होते ती आतल्या बाजूला. पीई १०० जातीच्या पीएन १० पाइपची भिंत ५.४ मिलिमीटर, आतला व्यास ७९.२. पीएन १६ ची भिंत ८.२, आतला व्यास ७३.६. एवढ्याशा फरकाने १२ मीटरचे घर्षण १७ मीटरवर जाते. हे पाच मीटर पंपाला रोज आठ तास, लाइन असेतोवर उचलावे लागतात आणि बिल ग्रामपंचायत भरते. माझे मत स्पष्ट आहे: भीतीपोटी वर्ग वाढवण्यापेक्षा उभा छेद नीट काढावा.

या हिशेबात एक अट मात्र दडलेली आहे. पाइप पुरलेला हवा. कातळ लागला की खोदाईचे पैसे वाचवायला पाइप तसाच जमिनीवर सोडून दिलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे. सोळा तास पंप बंद, पाणी उभे, वर एप्रिलचे ऊन आणि पाइप काळा. चाळीस अंश तो सहज गाठतो, आणि त्या तापमानाला पीएन १० चा पाइप ७.४ किलोचाच राहतो. नाल्यात आपल्याला आठ लागतात. पाइप दर्जेदार, छाप खरा, हिशेब बरोबर, आणि तरी लाइन फुटते, कारण हिशेब मीटरभर मातीखालच्या पाइपाचा होता. कातळात चर खोदणे शक्यच नसेल तर तेवढा तुकडा वेगळा विचारात घ्यावा लागतो: काँक्रीटचे आवरण किंवा लोखंडी पाइप.

आता जॉइंट. बट फ्यूजनमध्ये गोंद नसतो, रबर नसते. दोन नळ्यांची तोंडे गरम पाट्यावर वितळवून एकमेकींवर दाबतात आणि थंड होईपर्यंत तशीच धरून ठेवतात. नीट मारलेला जॉइंट पाइपाइतकाच मजबूत असतो. ओढून तोडायला गेले तर पाइप दुसरीकडे ताणला जातो.

आधी दोन्ही नळ्या मशीनच्या पकडीत आवळतात आणि फिरत्या पात्यांच्या रंध्याने तोंडे तासतात. दोन्ही बाजूंनी अखंड, सलग साल निघेपर्यंत तासायचे. मग तोंडे एकमेकांना टेकवून पाहायची: फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको, आणि भिंतींचा वरखालीपणा भिंतीच्या जाडीच्या दहाव्या हिश्शापेक्षा, म्हणजे आपल्या पाइपाला अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त नको. तासल्यावर त्या तोंडाला बोट लावायचे नाही. बोटाचा घाम आणि तेलसुद्धा जॉइंटमध्ये राहते.

हीटर प्लेट २०० ते २२० अंशांची. पातळ भिंतीला वरचा आकडा. तोंडे प्लेटवर दाबली की कडेने वितळलेल्या प्लास्टिकची गोट उठते. आपल्या जाडीला ती सगळीकडून एक मिलिमीटर झाली की दाब जवळजवळ शून्यावर आणायचा आणि तोंडे नुसती टेकलेली ठेवायची. हे तापवणे भिंतीच्या दर मिलिमीटरला दहा सेकंद, म्हणजे सुमारे ५५ सेकंद. दाब तसाच ठेवला तर वितळलेला माल बाहेर सांडतो आणि आत चिकटायला काही उरत नाही.

मग प्लेट काढून तोंडे एकत्र आणायला पाच-सहा सेकंदच असतात. सगळ्यात नाजूक वेळ हीच. वारा सुटला असेल, धूळ उडत असेल, फिटर एकटा असेल, तर वितळलेल्या तोंडावर थंड साय धरते. बाहेरून जॉइंट छान दिसतो, आतून तो नुसता टेकलेला असतो. यालाच कोल्ड जॉइंट म्हणतात. म्हणून वाऱ्याच्या बाजूला ताडपत्रीचा आडोसा आणि पाइपाच्या मागच्या टोकाला झाकण हवे. उघड्या नळीतून वाहणारा वारा तोंड आतून थंड करतो.

दाब किती? वितळलेल्या प्रत्येक चौरस मिलिमीटरला ०.१५ न्यूटन. आपल्या पाइपाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे १४३५ चौरस मिलिमीटर, म्हणजे २१५ न्यूटन, साधारण २२ किलो वजनाएवढा जोर. त्यात पाइप ओढायला लागणारा जोर वेगळा मिळवायचा. मागे पाइपांची लांब माळ जमिनीवर घासत असेल तर तो बराच असतो, म्हणून माळ रोलरवर ठेवतात. लहान पाइपाच्या अनेक मशीनला गेजच नसते आणि सगळे फिटरच्या मनगटावर असते. निविदेतच गेज असलेली मशीन मागायला हवी.

शेवटी थंड होणे. आपल्या जाडीला तोच दाब ठेवून सात-आठ मिनिटे. पाणी ओतायचे नाही, पकड सोडायची नाही. चोरी इथेच होते, आणि ती गावाला घड्याळ लावून पकडता येते. तासणे आणि जुळवणे पाच मिनिटे, तापवणे दोन, थंड होणे आठ: एक जॉइंट पंधरा मिनिटांचा. आठ तासांत एका मशीनवर बत्तीस. सहा मीटरच्या नळ्यांनी २.४ किलोमीटर जोडायला ४०० जॉइंट लागतात, म्हणजे तेरा दिवस. ठेकेदाराने एकाच मशीनवर पाच दिवसांत काम संपवले असेल तर प्रत्येक जॉइंटवर संशय घ्यावा. शंभर मीटरची गुंडाळी मिळाली तर जॉइंट चोवीसच राहतात. मात्र गुंडाळीचा पाइप लंबगोल झालेला असतो, तो पकडीत गोल करून घ्यावा लागतो.

साइटवर आणखी एक गोंधळ होतो. दोन ट्रक माल येतो, दोन्हींवर पीएन १० छापलेले असते. पण एक पीई १००, दुसरा पीई ८०. पीई ८० चा माल कमी ताकदीचा, म्हणून त्याच वर्गाला त्याची भिंत ६.७ मिलिमीटरची. ५.४ आणि ६.७ च्या भिंती बट फ्यूजनने जोडायच्या नसतात. दोन्ही तोंडे सारखी तापत नाहीत आणि पायरी उरते. जिथे जाडी बदलते तिथे स्टब एंड आणि फ्लँजचा बोल्टचा जॉइंट घ्यावा. ट्रक उतरवताना आयएस ४९८४, पीई १०० आणि पीएन हे तिन्ही छाप वाचून घ्यावेत.

जॉइंट झाल्यावर गोट पाहायची. ती दुहेरी, गोलसर आणि सगळ्या परिघावर सारखी हवी. दोन गोटींमधली खाच पाइपाच्या पृष्ठभागाच्या खाली उतरता कामा नये. बाहेरची गोट धारदार हत्याराने सोलून काढून उलटी वाकवावी. ती मधोमध चिरली तर तोंडावर घाण होती. सोललेली गोट भरीव आणि रुंद बुडाची हवी; पोकळ असेल तर दाब जास्त झाला. कोल्ड जॉइंट मात्र नजरेने ओळखता येत नाही. त्यासाठी रोज सकाळी पहिला जॉइंट चाचणीचा मारायचा, थंड झाल्यावर त्यातून उभी पट्टी कापायची आणि दोन्ही टोके भेटेपर्यंत वाकवायची. सांध्यावर भेग पडली तर मशीनचे तापमान, दाब आणि वेळ पुन्हा तपासायची, आणि पट्टी न चिरता वाकेपर्यंत लाइनीवर एकही जॉइंट मारू द्यायचा नाही. लाइनीत सापडलेल्या वाईट जॉइंटवर पुन्हा तापवून दाबण्याचा उपाय चालत नाही. दोन्ही बाजूंनी कापून तो काढून टाकावा लागतो आणि नवी नळी घालून दोन नवे जॉइंट मारावे लागतात.