लादी पुसून झाली, पण सुकली का?

लालबाग, परळ ही नावं आपल्या गावाकडच्या घरांत जुनीच आहेत. कुणाचे आजोबा, कुणाचे काका तिथल्या गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर एकेक गिरणी बंद होत गेली आणि त्या जागांवर काचेच्या इमारती आणि मॉल उभे राहिले. आता त्याच गिरणगावात आपल्या लेकी-सुना हाऊसकीपिंगच्या कामाला जातात. मी तिथे बचत गटांचं काम बघते. आमच्या गटांतल्या बऱ्याच जणी सकाळी सातच्या शिफ्टला लादी पुसत असतात.

मागच्या पावसाळ्यात त्यांतली एक ताई लोअर परळच्या एका ऑफिसात पडली. उजवं मनगट मोडलं आणि सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. सगळे म्हणाले, "पाय घसरला, नशीब." पण मी तिच्याबरोबर बसून त्या सकाळचं एकेक विचारलं, तेव्हा नशिबाचा भाग फारच थोडा निघाला.

झालं होतं असं. सव्वानऊला लोक छत्र्या घेऊन आत येत होते. दारातल्या ग्रॅनाइटवर पाणी ठिबकत होतं. ताईने ओला मॉप फिरवला. डाग जाईनात म्हणून बादलीत लिक्विड जास्त ओतलं. बाटलीवर एका बादलीला एक झाकण लिहिलं होतं, तिने चार टाकली. साध्या पाण्याने परत पुसायला वेळ नव्हता. पिवळा बोर्ड लावलेला होता, पण तो सकाळपासून रात्रीपर्यंत तिथेच असायचा. तेवढ्यात तिला आत बोलावलं. ती भरलेली बादली उचलून आपणच पुसलेल्या लादीवरून घाईने निघाली. पायपुसण्याच्या वर आलेल्या कोपऱ्यात पाय अडकला, तोल सावरायला दुसरा पाय टाकला, तो साबणावर पडला.

म्हणजे ती अडखळलीही आणि घसरलीही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. अडखळताना पाय अडतो आणि अंग पुढे जातं. घसरताना पाय पुढे जातो आणि अंग मागे राहतं. चालताना आपली टाच आधी टेकते. लादी आणि चपलेच्या मध्ये पाण्याचा पातळ थर असेल, तर टाच लादीला लागतच नाही, पाण्यावरून सरकते. साबण असला तर आणखी सोपं. आणि साबण सुकला म्हणजे गेला असं नाही. त्याचा थर लादीवर राहतो, आणि कुणाच्या ओल्या चपलेचं पाणी पडलं की पुन्हा बुळबुळीत होतो. म्हणून जास्त लिक्विड म्हणजे जास्त स्वच्छ, हा समज सोडायला हवा.

अशा कामांत शिफ्ट सुरू होण्याआधी पाच मिनिटं उभ्याउभ्या बोलायची पद्धत आहे. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. अवजारांच्या पेटीभोवती कामगार जमून त्या दिवसाच्या धोक्याबद्दल बोलत, त्यावरून हे नाव पडलं. त्या ताईच्या पडण्यावरून आम्ही असं एक बोलणं लिहून काढलं. टीममधली कुणीही ते मोठ्याने वाचू शकते. ते असं :

"बायांनो, आज पाऊस आहे. हवेत ओल आहे, लादी नेहमीपेक्षा उशिरा सुकणार. म्हणून आज चार गोष्टी.

पहिली, मॉप. आज तो घट्ट पिळायचा, उचलल्यावर पाणी ठिबकता कामा नये. लिक्विड बाटलीवर लिहिलंय तेवढंच, झाकणाने मोजून. साबणाच्या पाण्याने पुसलं की दुसऱ्या बादलीतल्या साध्या पाण्याने पुसायचं. दारात पाणी साचलं असेल तर लिक्विड नकोच. वायपरने ओढा आणि कोरड्या मॉपने टिपा. पँट्रीत तेल सांडलं तर ओला मॉप लावू नका, तेल पसरतं. आधी जुना कागद टाकून तेल टिपा, मग साबण, मग साधं पाणी.

दुसरी, वाट. पॅसेज अर्धा पुसायचा, अर्धा लोकांसाठी कोरडा ठेवायचा. तो सुकल्यावर दुसरा अर्धा. आपण नेहमी कोरड्या बाजूला उभं राहून मागे मागे यायचं, म्हणजे ओल्यावरून जायची वेळच येत नाही. बोर्ड दोन्ही टोकांना लावा. सुकलं की उचला. कायम उभ्या असलेल्या बोर्डाकडे कुणी बघत नाही.

तिसरी, पायात येणाऱ्या वस्तू. व्हॅक्यूमची वायर पॅसेजमधून आडवी जाणार नाही, भिंतीच्या कडेने न्यायची. जवळचा प्लग वापरायचा. बादली दाराच्या मागे किंवा जिन्याच्या तोंडाशी ठेवायची नाही. पायपुसण्याचा कोपरा वर आला असेल तर ते आत्ताच उचला आणि सुपरवायझरला दाखवा. भरलेली बादली घेऊन जिना चढू नका. अर्धी भरा, दोन फेऱ्या होऊ देत. एक हात कठड्याला हवा.

चौथी, चपला. आता प्रत्येकीने आपला तळ उलटा करून बघा. खाचांवरून अंगठा फिरवा. अंगठ्याला खाच लागत नसेल तर ती चपल आजच्या कामाची नाही.

आता सांगा, आपल्या मजल्यावर आज सगळ्यात ओली जागा कुठली? आणि ती कोण बघणार?"

शेवटचा प्रश्न गाळू नका. त्याचं उत्तर त्यांनीच द्यायचं असतं. कुठला नळ गळतो, कुठली लादी हलते, ते सुपरवायझरपेक्षा त्यांनाच जास्त माहीत असतं.

लादी सुकली की नाही ते ओळखायला टिश्यू पेपर लादीवर ठेवून पायाने दाबा. कागदावर ओल उमटली तर अजून थांबायचं. साबण राहिलाय का बघायचं असेल, तर ओलं बोट लादीवर घासा. बुळबुळलं तर साध्या पाण्याने पुन्हा पुसा.

या सगळ्यालाही मर्यादा आहे. खाचांची चांगली चपलसुद्धा तेल-साबणावर टिकत नाही. आणि गर्दीच्या वेळी एकट्या बाईला अख्खं दार सांभाळायला दिलं, तर ती अर्धा-अर्धा पुसणार कशी? त्या ताईच्या ऑफिसात खरा बदल झाला तो इथे. दारात लांब पायपुसणं आलं, छत्र्या ठेवायला स्टँड आला, आणि नऊ ते दहा दोघी जणी दारात राहू लागल्या. हे मागणं कामचुकारपणा नाही, हे सुपरवायझरला स्पष्ट सांगा.

आणि कुणी पडलीच, तर "काही नाही झालं" म्हणून उठून कामाला लागू नका. त्याच दिवशी अपघाताच्या वहीत नोंद करून घ्या. वेळ, जागा, कुणी पाहिलं, सगळं लिहा. पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर कामावर झालेल्या दुखापतीच्या रजेचे पैसे मिळवायला हीच नोंद लागते. आमच्या ताईने दुखतंय म्हणून तिसऱ्या दिवशी सांगितलं, तेव्हा ती घरीच पडली असेल, असं म्हणणारे निघाले. बरोबरच्या दोघींनी पाहिलं होतं म्हणून निभावलं.

तुमच्या घरची कुणी मुंबईत या कामाला असेल, तर आज रात्री फोनवर तिला एवढंच विचारा : तुझ्या चपलेच्या खाचा शिल्लक आहेत का गं?