जुन्या महिन्यांचे नवे आकडे

1 ऑगस्ट 2025 रोजी अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी कार्यालयाने जुलैचा रोजगार अहवाल काढला. त्या महिन्यात शेतीबाहेरच्या नोकऱ्या 73 हजारांनी वाढल्याचा अंदाज त्यात होता. पण त्या दिवशी गाजले ते मागचे दोन महिने. मेची वाढ आधी 1 लाख 44 हजार सांगितली होती, ती 19 हजारांवर आली. जूनची 1 लाख 47 हजारांवरून 14 हजारांवर घसरली. दोन महिन्यांत मिळून 2 लाख 58 हजार नोकऱ्या हिशेबातून वजा झाल्या.

आता हीच मालिका दर महिन्याला ओढून घेणारा एक डॅशबोर्ड धरू. त्याच्या क्वेरीत बहुधा अशी अट असते:

```sql
WHERE month > (SELECT MAX(month) FROM payroll)
```

म्हणजे आपल्याकडे नसलेला महिना तेवढा आणायचा. 1 ऑगस्टला या अटीने जुलैची एक ओळ आली आणि रिफ्रेश यशस्वी झाल्याची हिरवी खूण उमटली. मे मात्र पहिल्या अहवालातल्या 1 लाख 39 हजारांवरच राहिला, कारण जुलैत झालेली त्याची पहिली दुरुस्तीही या अटीने आणली नव्हती. जूनही 1 लाख 47 हजारांवरच. तीन महिन्यांची सरासरी पडद्यावर सुमारे 1 लाख 20 हजार दिसते. दुरुस्त आकड्यांनी ती सुमारे 35 हजार भरते. पहिला आकडा वाचणाऱ्याला बाजार ठीकठाक वाटेल, दुसरा वाचणाऱ्याला तो थबकलेला दिसेल.

काही डॅशबोर्ड मासिक वाढ साठवत नाहीत. ते एकूण नोकऱ्यांची पातळी साठवतात आणि वाढ स्वतः वजाबाकीने काढतात. तिथे चूक आणखी विचित्र होते. जुलैची पातळी दुरुस्तीनंतरची असते आणि जूनची आधीची, म्हणजे 2 लाख 58 हजारांनी फुगलेली. वजाबाकी केली की जुलैत 1 लाख 85 हजार नोकऱ्या गेल्याचे दिसते. असे कोणत्याच अहवालात म्हटलेले नव्हते. मागच्या महिन्यांची सगळी दुरुस्ती एकट्या जुलैच्या माथी आली, एवढेच.

आपल्याकडे जून 2020 मध्ये याच जातीचा प्रकार दिसला. महाराष्ट्राने नोंदी जुळवून आधीचे 1,328 कोविड मृत्यू एकदम जाहीर केले, आणि 17 जूनला देशाच्या दैनिक आलेखात 2,003 मृत्यूंचा सुळका उभा राहिला. एकूण बेरीज बरोबर होती, तारीख चुकीची होती.

अमेरिकी आकडे बदलतात यात लपवाछपवी नाही. पाहणीतल्या सगळ्या आस्थापनांची उत्तरे पहिल्या अहवालापर्यंत येत नाहीत. उशिराची उत्तरे पुढच्या दोन अहवालांत धरली जातात आणि ऋतुमानाचे समायोजनही दर महिन्याला नव्याने होते. म्हणून प्रत्येक महिन्याचा अंदाज तीनदा छापला जातो. 5 सप्टेंबरला जूनचा तिसरा आकडा आला, तो उणे 13 हजार होता.

ही चूक नेहमीच्या तपासणीत सापडत नाही. ओळींची संख्या जुळते, शेवटचा महिना बरोबर असतो, रिकामी जागा कुठेच नसते. सापडते ती एकाच रीतीने: संपूर्ण मालिका पुन्हा उतरवून घ्या, साठवलेल्या मालिकेशी महिनावार जोडा आणि फरक असलेल्या ओळी मोजा. एकही फरक न निघणे हे रिफ्रेश नीट चालल्याचे लक्षण आहे.

दुरुस्ती करताना जुन्या ओळीवर नवी लिहून मोकळे होण्याचा मोह होतो. मग जुलैच्या बैठकीत दाखवलेला 1 लाख 47 हजारांचा आकडा कुठून आला होता, हे सप्टेंबरमध्ये कोणालाच सांगता येत नाही. त्यापेक्षा टेबलाची किल्ली मालिका, महिना आणि प्रकाशनाची तारीख अशी तिहेरी ठेवावी. आलेखाने प्रत्येक महिन्याची सर्वांत ताजी प्रत वाचावी आणि बदललेल्या महिन्याशेजारी आधीचा आकडाही दाखवावा. सेंट लुईस फेडची ALFRED ही सेवा अशाच जुन्या प्रती जपते, त्यामुळे आजवर ठेवल्या नसतील तर तिथून भरून घेता येतात.

राहिला प्रश्न किती मागे जायचे. शेवटचे तीन महिने पुन्हा आणणे हा प्रचलित तोडगा वर्षभर चालतो आणि वार्षिक मेळात फसतो. हा मेळ बेरोजगारी विम्याच्या नोंदींशी घातला जातो, साधारणपणे जानेवारीच्या अहवालासोबत येतो आणि ऋतुसमायोजित मालिकेची सुमारे पाच वर्षे बदलतो. मार्च 2025 साठीचा त्याचा प्राथमिक अंदाजच उणे 9 लाख 11 हजारांचा होता. जानेवारी 1939 पासून जुलै 2025 पर्यंत या मालिकेच्या ओळी भरतात 1,039. एवढ्याशा माहितीसाठी फक्त नव्या ओळी आणण्याची काटकसर निरर्थक आहे. दर वेळी सगळी मालिका आणावी.